मामाला पाठवायचा निरोप, पण वाचणार तिसराच

मनोरीत आमच्या दोन घरं पलीकडे राहणारी एक मुलगी एका संध्याकाळी फोन घेऊन माझ्याकडे आली. मालाडच्या एका लहान व्यापारी फर्ममध्ये ती तीन वर्षं हिशेबाचं काम करत होती आणि तिला नोकरी बदलायची होती. तिने नात्यागोत्यातल्या आणि ओळखीच्या एक्केचाळीस जणांना व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप पाठवला होता. तो असा होता: "नमस्कार, मी नोकरी शोधतेय. कुठे काही असेल तर प्लीज सांगा. काहीही चालेल." उत्तरं आली ती अंगठ्यांची, हात जोडल्याची आणि "नक्की बघतो" अशी. महिना झाला तरी एकही नाव किंवा फोन नंबर हाती लागला नव्हता.

मी बरीच वर्षं कारखान्याच्या ऑफिसात नोकरभरतीचं काम केलं. ओळखीतून आलेले असे निरोप माझ्यापर्यंत तिसऱ्या-चौथ्या हाताने पोहोचायचे, त्यामुळे कुठला निरोप चालतो आणि कुठला वाटेत विरून जातो हे मी दुसऱ्या टोकाला बसून पाहिलं आहे. त्या मुलीसोबत बसून आम्ही काय केलं ते इथे क्रमाने सांगते. आपलं काम वेगळं असेल, पण पायऱ्या याच आहेत.

आधी निरोप का चालला नाही ते समजून घेऊ. आपला मामा निरोप वाचतो तेव्हा तो प्रेमानेच वाचतो. पण "काहीही चालेल" वाचून त्याच्या डोळ्यांसमोर कोणाचाच चेहरा येत नाही. कोणाला विचारायचं हेच त्याला कळत नाही. तेच "टॅलीवर जीएसटीची कामं करणारी, कांदिवलीच्या आसपास" असं वाचलं, की सोसायटीचे हिशेब बघणारे सीए त्याला लगेच आठवतात. ज्याच्या कामाला नाव आहे, त्याच्यासाठीच माणूस आठवतो.

जुन्या मुंबईत हे नाव सांगायची गरज कमी पडे. गिरणगावात जॉबर आपल्या गावची, नात्यातली माणसं आपल्या खात्यात लावून घेई. ज्याच्याकडे शब्द टाकायचा तो स्वतः त्याच खात्यात उभा असे. साच्यावर काय करावं लागतं, बदली कामगार म्हणजे काय, हे त्याला सांगावं लागत नव्हतं. आज मामा बसचा कंडक्टर असतो आणि भाची जीएसटीची विवरणपत्रं तयार करते. भाची नेमकं काय करते हे मामाला माहीत नसतं, आणि तसं ते कबूल करायला तो संकोचतो.

आता पहिली पायरी. निरोप लिहायच्या आधी एक कोरा कागद घ्या आणि गेल्या महिन्यात आपण कामावर हाताने काय केलं ते तारखांनुसार लिहा. पदवी लिहू नका, फक्त काम लिहा. त्या मुलीने लिहिलं: ७ तारखेच्या आत टीडीएस भरण्याचं चलन, म्हणजे पैसे देतानाच कापून ठेवलेला कर सरकारजमा करणं. ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१, म्हणजे महिन्याभराच्या विक्रीचा तपशील. २० तारखेच्या आत जीएसटीआर-३बी, म्हणजे कराचा गोषवारा आणि भरणा. मधल्या दिवसांत सुमारे तीनशे बिलांच्या टॅलीत नोंदी, बँक जुळवणी, म्हणजे बँकेचा उतारा आपल्या वहीशी ताडून पाहणं, आणि थकलेल्या गिऱ्हाइकांना फोन.

हा कागद समोर आला की पदाचं नाव आपोआप ठरतं. ती सगळ्यांना "मी अकाउंटंट आहे" असं सांगत होती. पण बहुतेक लहान कंपन्यांत अकाउंटंट म्हटलं की वर्षअखेरचा ताळेबंद लावून सीएच्या हाती देणारा माणूस अपेक्षित असतो, आणि ते काम तिने केलेलं नव्हतं. तिच्या कामाचं बाजारातलं नाव होतं अकाउंट्स असिस्टंट. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण चुकीच्या नावावर बोलावणी आली तर मुलाखतीत दहा मिनिटांत ते उघड होतं, आणि ज्याने शब्द टाकला त्याची पंचाईत होते.

आपल्या कामाचं बाजारातलं नाव माहीत नसेल, तर नोकरीच्या पाच-सहा जाहिराती उघडा आणि कामाचं वर्णन आपल्या कागदाशी ताडून पाहा. ज्या जाहिरातीतल्या दहापैकी सात-आठ गोष्टी आपण खरोखर करतो, त्या जाहिरातीच्या माथ्यावर जे नाव असेल ते आपलं.

दुसरी पायरी जागेची आणि वेळेची, आणि मनोरीकरांनी इथे थोडं थांबायला हवं. मनोरी मुंबईत आहे, पण मधे खाडी आहे. घरातून जेटी, तरीने मार्वे, तिथून बस किंवा रिक्षा करून मालाड स्टेशन, आणि मग पुढची लोकल. नकाशात मार्वे समोर दिसतं, म्हणून दूरच्या नातेवाइकाला वाटतं की अंधेरी काय, ठाणे काय, सगळं सारखंच. तर चुकली की गोराई, उत्तन करत भाईंदरपर्यंत रस्त्याने वळसा पडतो, हे त्याच्या लक्षात येत नाही.

म्हणून अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंत किती वेळ लागतो ते प्रत्यक्ष जाऊन मोजा, तेही गर्दीच्या वेळी. त्या मुलीला मालाड स्टेशनपर्यंतच सव्वा तास धरावा लागत होता. तिथून गोरेगाव, कांदिवली, बोरिवली जमत होतं. अंधेरीच्या सीप्झला रिक्षा धरून दोन तास व्हायचे, म्हणून ते तिने वगळलं. परतीच्या तरीचं गणित करून संध्याकाळी ७ नंतर थांबणं शक्य नाही, हेही तिने ठरवलं.

असं लिहिलं तर संधी कमी होतील अशी भीती तिला वाटत होती, आणि ती खरी आहे, कमी होतातच. पण ज्या कमी होतात त्या तिच्या नव्हत्याच. भरतीच्या टेबलावर मी अनेकदा पाहिलं आहे, की माणूस "कुठेही येईन" म्हणून रुजू होतो आणि दुसऱ्याच महिन्यात प्रवास झेपत नाही म्हणून सोडतो. त्यानंतर त्याची शिफारस करणाऱ्याला आम्ही पुन्हा विचारत नसू.

पगाराचं काय करायचं, यावर लोकांची मतं वेगवेगळी आहेत. माझं मत असं की पुढे फिरणाऱ्या निरोपात आकडा घालू नये. तो आकडा कोणाकोणाच्या हातात जाईल हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि समोरचा त्यालाच कमाल धरून बसतो. पण आपला खालचा आकडा स्वतःशी पक्का असू द्या, आणि तो हातात येणाऱ्या पगाराचा असू द्या. कंपनी वर्षाचा एकूण खर्च म्हणून जो आकडा सांगते त्यात भविष्यनिर्वाह निधीचा कंपनीचा वाटा आणि कधी ग्रॅच्युइटीही धरलेली असते. तेव्हा फोनवर कोणी विचारलंच तर "हातात किती" हेच बोला.

तिसरी पायरी: कोणाला पाठवायचं. इथे अमेरिकेतल्या एका जुन्या अभ्यासाची आठवण उपयोगी पडते. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावात अलीकडेच नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं, की ही जागा तुम्हाला कशी कळली. त्याचा प्रसिद्ध लेख १९७३ सालचा. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांतल्या सहांपैकी साधारण एकाच माणसाची त्या ओळखीच्या व्यक्तीशी वारंवार भेट होत असे. बाकीच्यांची भेट अधूनमधून किंवा क्वचितच व्हायची. कारण सरळ आहे. रोज भेटणाऱ्याला जे ठाऊक असतं ते आपल्यालाही आधीच ठाऊक असतं. अधूनमधून भेटणारा दुसऱ्या वर्तुळात वावरतो, तिथल्या बातम्या त्याच्याकडे असतात. २०२२ साली लिंक्डइनवरच्या २ कोटी लोकांच्या माहितीवरून झालेल्या अभ्यासातही मध्यम ओळखच सर्वांत उपयोगी ठरली. अगदी घट्ट ओळख तितकी कामी आली नाही, आणि अगदी नावापुरतीही नाही.

आता हे आपल्या कामाला लावायचं. हिशेबाच्या कामात कोणाला अनेक ऑफिसांची आतली बातमी असते? एक, सीए आणि कर सल्लागार, कारण त्यांच्या गिऱ्हाइकाचा हिशेबनीस गेला की पहिली ओरड त्यांच्याकडेच होते. दुसरे, टॅली विकणारे आणि दुरुस्तीला येणारे लोक, जे आठवड्यात दहा ऑफिसांत जाऊन बसतात. तिसरे, ज्यांच्याशी आपण थकबाकीसाठी किंवा बिलासाठी फोनवर बोलतो ते समोरच्या फर्ममधले हिशेबनीस. त्या मुलीने एक्केचाळीस जणांची यादी घेतली आणि प्रत्येक नावापुढे लिहिलं, की हा यांपैकी कोणाला ओळखतो. नऊ नावं उरली. त्यांत सख्खे दोनच होते. बाकी आतेबहिणीचा नवरा, जुना सहकारी, शाळेतली मैत्रीण, असे.

तिसऱ्या प्रकारात मात्र जपून. आताच्या फर्मच्या गिऱ्हाइकाला निरोप पाठवला तर तो आपल्या मालकाच्या कानावर जायला एक फोन पुरतो. तिने ती नावं आधीच वगळली होती आणि मला ते पटलं.

चौथी पायरी हीच खरी मेख आहे. निरोप दोन भागांत लिहायचा, आणि ते दोन भाग दोन वेगळे मेसेज म्हणून पाठवायचे. पहिला आपल्या माणसासाठी. दुसरा त्या माणसाने पुढे ज्याला पाठवायचा त्याच्यासाठी. बहुतेक लोक एकच मेसेज लिहितात, त्यात "मामी कशी आहे" पासून अनुभवापर्यंत सगळं असतं. असा मेसेज मामा पुढे पाठवू शकत नाही. त्याला तो नव्याने लिहावा लागतो, आणि जीएसटीआर-३बी काय ते त्याला लिहिता येत नाही. मग तो "नंतर करतो" म्हणतो. तिथेच निरोप थांबतो.

पहिला मेसेज तिने मामाला असा लिहिला:

"मामा, नमस्कार. मी नोकरी बदलायचं ठरवलंय. मला अकाउंट्स असिस्टंटचं काम हवंय, मालाड-बोरिवलीच्या बाजूला. तुमच्या सोसायटीचे हिशेब बघणारे सीए कांदिवलीला बसतात असं तुम्ही मागे म्हणाला होतात. त्यांना माझ्याबद्दल एकदा विचाराल का? त्यांना पाठवायचा मजकूर खाली वेगळा दिलाय, तो तसाच पुढे पाठवा. त्यांच्याकडे काही नसलं तरी काही वाटून घेऊ नका."

यात ती नोकरी मागत नाही, हे पाहा. नोकरी द्यायचं मामाच्या हातात नाही. एका ठरावीक माणसाला एक प्रश्न विचारणं मात्र त्याच्या हातात आहे, आणि दोन मिनिटांचं आहे. प्रत्येकाला पाठवताना ही ठरावीक माणसाची ओळ बदलायची. ती सुचत नसेल, तर "हिशेबाचं काम करणारं किंवा सीएकडे असलेलं तुमच्या ओळखीचं कोणी आहे का?" एवढंच विचारा.

दुसरा मेसेज असा:

"अकाउंट्स असिस्टंट, ३ वर्षं अनुभव (बांधकाम साहित्याची व्यापारी फर्म, मालाड). दरमहा सुमारे ३०० बिलांच्या नोंदी टॅलीत, बँक जुळवणी, जीएसटीआर-१ व ३बीची तयारी, टीडीएस चलन, वसुलीचे फोन. ताळेबंद स्वतंत्रपणे केलेला नाही, शिकायची तयारी आहे. बी.कॉम. गोरेगाव ते बोरिवली, दिवसपाळी, संध्याकाळी ७ पर्यंत. रुजू व्हायला ३० दिवस. फोन: सकाळी ९ च्या आधी किंवा रात्री ८ नंतर. जून २०२५."

खाली तिचं नाव आणि नंबर. बस, एवढंच. फोनच्या यादीत मेसेजचे सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात, म्हणून पदाचं नाव सर्वांत आधी. "नमस्कार, आपणास कळविण्यात येते की" यातच ती जागा संपते.

"ताळेबंद केलेला नाही" ही ओळ घालायला ती तयार नव्हती. मी आग्रह धरला. भरतीला बसलेल्या माणसाला अशी एक ओळ दिसली की बाकीच्या ओळींवर त्याचा विश्वास बसतो, आणि ज्यांना ताळेबंदवाला माणूस हवा असतो ते फोन करून तिचा आणि स्वतःचा वेळ घालवत नाहीत.

शेवटचा "जून २०२५" विसरू नका. पुढे पाठवलेल्या मेसेजवर तो मुळात कधी लिहिला होता हे दिसत नाही. तारीख नसलेला निरोप चार महिन्यांनी कोणाच्या हाती पडला, तर जागा अजून हवी आहे की नाही हे त्याला कळत नाही, आणि तो फोनच करत नाही.

बायोडेटा पीडीएफमध्येच पाठवा आणि फाइलला नाव नीट द्या. "Resume_new_final2.pdf" अशा नावाच्या वीस फाइली समोरच्याच्या फोनमध्ये असतात. आपलं नाव, मग "Accounts_Assistant_Malad.pdf" असं लिहिलं तर महिन्यानेही ती सापडते. फाइल पुष्कळदा मजकुराविना एकटीच पुढे जाते, तेव्हा नाव आणि नंबर फाइलच्या आत पहिल्या ओळीतही हवेत.

दुसरा भाग आवाजी मेसेजमध्ये कधीही देऊ नका. तो भरती करणारा ऐकत बसत नाही आणि त्याला त्यात शोधताही येत नाही. पहिला भाग मात्र वाचायचा कंटाळा असलेल्या आत्याला बोलून पाठवला तर उलट बरं.

पाठवताना होणारी एक नेहमीची चूक सांगते. त्या मुलीने पहिला निरोप ब्रॉडकास्ट लिस्टने, म्हणजे एकाच वेळी अनेकांना स्वतंत्र मेसेज पाठवणाऱ्या यादीने, पाठवला होता. ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच पोहोचतो, ज्यांच्या फोनमध्ये आपला नंबर साठवलेला आहे. अधूनमधून भेटणाऱ्या, म्हणजे सर्वांत उपयोगी, लोकांकडे नेमका तो नसतो. मेसेजखाली एकच टिक राहिली तर तो पोहोचलेला नाही असं समजा. म्हणून एकेकाला वेगळा पाठवा. नऊ जणांना तीन संध्याकाळी पुरतात.

वेळही पाहा. हिशेबवाल्या माणसाला १८ ते २० तारखेला मेसेज पाठवला तर तो वाचेल आणि विसरेल, कारण त्या दिवसांत त्याचं डोकं विवरणपत्रात असतं. २१ ते महिनाअखेरचे दिवस बरे. आपल्या धंद्याची अशी घाईची वेळ आपल्याला माहीत असतेच.

पाचवी पायरी उत्तरानंतरची. उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदाच आठवण करा, आणि तीही काही नवी गोष्ट घेऊन. "बघितलंत का?" असं विचारू नका. "मामा, मी आता बोरिवलीच्या पुढे दहिसरपर्यंतही येऊ शकते" असं लिहा, म्हणजे त्याला पुढे पाठवायला कारण मिळतं. त्यानंतर गप्प राहा.

नाव किंवा नंबर मिळाला तर त्याच दिवशी फोन करा आणि पहिल्या वाक्यात कोणाकडून आलो ते सांगा. आणि निकाल काहीही लागो, मधल्या माणसाला कळवा. नाही म्हटलं तरी कळवा. ज्याने शब्द टाकला त्याला पुढे काय झालं हे दुसऱ्याच्या तोंडून कळलं, तर तो पुढच्या वेळी शब्द टाकत नाही. मुलाखत ठरवून न जाणं हे तर सर्वांत वाईट.

मोठ्या कंपनीत ओळखीचं कोणी असेल, तर एक गोष्ट आधी विचारा. तिथे कर्मचाऱ्याने शिफारस करायची पद्धत आहे का? पुष्कळ ठिकाणी आपण कंपनीच्या साइटवर स्वतः आधीच अर्ज भरला, तर काही महिने त्या अर्जावर शिफारस लागत नाही. घाईने अर्ज भरून मग मैत्रिणीला सांगणं, हा क्रम उलटा पडतो. आधी मैत्रीण, मग अर्ज.

निरोप फिरू लागला की अनोळखी फोनही येतात. नोंदणीचे, प्रशिक्षणाचे किंवा गणवेशाचे पैसे आधी मागणारा फोन आला की तो तिथेच बंद करा. मुलाखतीआधी आधार, पॅन किंवा बँकेचा तपशील कोणालाही पाठवू नका, आणि त्या फिरत्या मजकुरात तर मुळीच घालू नका. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा.

त्या मुलीचं काय झालं ते सांगते. नऊपैकी सहा जणांनी उत्तर दिलं, दोघांकडून फोन नंबर आले. शाळेतल्या मैत्रिणीकडून कळलेली पहिली जागा गोरेगावची होती, पण महिनाअखेरीस रात्री नऊपर्यंत थांबायची अट निघाली. तिने फोनवरच नाही म्हटलं आणि मैत्रिणीला तसं कळवलं. दुसरी मामाच्या सीएंकडून आली, कांदिवलीच्या चारकोप औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्याची. तिथे तिला टॅली उघडून एका महिन्याची बँक जुळवणी करायला दिली. जमाखर्चात ११,८०० रुपयांचा फरक होता. एकच चेक दोनदा नोंदला गेला होता, तो तिने शोधून काढला. ताळेबंदाबद्दल त्यांनी विचारलंच नाही, तो तिने केलेला नाही हे त्यांनी मजकुरात आधीच वाचलं होतं.

रुजू झाल्यावर तिने नऊही जणांना लिहिलं, "मला काम मिळालं, आता तो मजकूर पुढे पाठवू नका." तरीही ऑगस्टमध्ये बोरिवलीहून एका अनोळखी बाईंचा फोन आला. तो निरोप कोणाकडून कोणाकडे फिरत त्यांच्यापर्यंत गेला होता आणि त्यांना हिशेबाला माणूस हवं होतं. मुलीने आपल्या जुन्या सहकारी मैत्रिणीला फोन केला, दोघींनी बसून तिच्या कामाचा तसाच मजकूर लिहिला, आणि त्याच रात्री तो बाईंना पाठवला.